सिलिंडर दारात आला, सबसिडी कुठे गेली?

घरातला गॅस संपला की हाक कोणाला येते? बहुतेक घरांत तुम्हाला. 'अरे, मोबाईलवरून नंबर लाव जरा,' एवढंच वाक्य. तुम्ही ॲप उघडता, दोन-तीन बटणं दाबता, पैसे भरता आणि विषय संपतो. सिलिंडरही येतो. मग दोन-तीन महिन्यांनी आई विचारते, 'सबसिडी येते का रे आपली?' आणि तिथे मात्र घरातल्या सगळ्यात हुशार मोबाईलवाल्याचीही बोलती बंद होते. कारण ॲपमध्ये ऑर्डर 'डिलिव्हर्ड' दिसते, बँकेच्या पासबुकात काही दिसत नाही, एजन्सीवाला म्हणतो बँकेत जा आणि बँकवाला म्हणतो एजन्सीत जा.

हा घोळ कोणाच्या आळशीपणामुळे होत नाही. बुकिंगचं बटण एक असलं तरी त्याच्यामागे तीन वेगवेगळ्या वह्या आहेत. एक वही ग्राहक क्रमांकाची, ती गॅस कंपनीकडे असते. दुसरी पत्त्याची, ती तुमच्या वितरकाकडे, म्हणजे एजन्सीकडे. आणि तिसरी वही सांगते की सबसिडीचे पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे. ही तिसरी वही गॅस एजन्सीकडेही नसते आणि तुमच्या बँकेच्या शाखेतही नसते. सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो, म्हणून आज आपण तिच्यावरच जास्त वेळ थांबू. पण त्याआधी पहिल्या दोन वह्या, कारण त्या चुकल्या तर तिसरीपर्यंत गाडी पोचतच नाही.

नंबर कोणाचा, कोड कोणाकडे?

देशात घरगुती गॅसच्या तीन सरकारी कंपन्या: इंडियन ऑईलचा इंडेन, हिंदुस्थान पेट्रोलियमचा एचपी गॅस आणि भारत पेट्रोलियमचा भारतगॅस. तिघांचे ॲप वेगळे, पण mylpg.in हे संकेतस्थळ तिघांसाठी समाईक आहे. तिथे सिलिंडरचं चित्र निवडलं की तुम्ही आपापल्या कंपनीच्या पानावर जाता.

तुमच्या निळ्या किंवा केशरी पुस्तकावर एक ग्राहक क्रमांक असतो. तो एजन्सीच्या नावासोबत वापरायचा असतो, नुसता चालत नाही. त्याशिवाय प्रत्येक कनेक्शनला १७ अंकी एलपीजी आयडी असतो, जो देशभरात एकमेव असतो. पुस्तक हरवलं असेल तर हा आयडी शोधायला फार कष्ट नाहीत: नोंदवलेला मोबाईल नंबर, एजन्सी आणि ग्राहक क्रमांक घातला की कंपनीच्या संकेतस्थळावर तो दिसतो.

इथे कळीचा शब्द आहे 'नोंदवलेला'. फोनवरून, मिस्ड कॉलने किंवा व्हॉट्सॲपवरून नंबर लावता येतो, पण कनेक्शनला जो मोबाईल जोडलाय त्यावरूनच. बऱ्याच घरांत हा नंबर दहा वर्षांपूर्वीचा असतो. बाबांचं जुनं सिम, किंवा ताईचा नंबर आणि ताई आता लग्न होऊन नाशकात. बुकिंग तुम्ही ॲपमधून कसंबसं कराल, पण नोव्हेंबर २०२० पासून कंपन्यांनी डिलिव्हरीचा कोड सुरू केला, तो त्याच नोंदवलेल्या नंबरवर जातो. मग दारात सिलिंडरवाला उभा, आणि घरात ताईला फोन लावण्याची धावपळ.

हा कोड म्हणजे नुसती औपचारिकता नाही. सिलिंडरवाला तो त्याच्या मोबाईलमध्ये टाकतो तेव्हा कंपनीच्या नोंदीत 'माल ग्राहकाला मिळाला' असं लिहिलं जातं, आणि त्या नोंदीवरच पुढे सबसिडीचा हिशेब होतो. म्हणून कोड द्यायची एकच वेळ: सिलिंडर दारात आल्यावर, सील बघितल्यावर. 'आधी कोड सांगा, सिलिंडर संध्याकाळी पाठवतो,' असं कोणी फोनवर म्हणालं तर नाही म्हणायचं. सिलिंडर न येताच 'डिलिव्हर्ड'चा मेसेज आला, तर समजायचं की तुमच्या नावावरचा एक सिलिंडर दुसरीकडे गेलाय. अशा वेळी ॲपमधली बुकिंगची यादी उघडून तारीख टिपून ठेवायची आणि १८००-२३३३-५५५ या तिन्ही कंपन्यांच्या समाईक टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवायची. हा क्रमांक इंटरनेटवर शोधू नका, पुस्तकावर किंवा बिलावर छापलेलाच वापरा. शोधात वर येणारे 'हेल्पलाईन' नंबर भामट्यांचे असू शकतात.

सेक्टर ६, पण कुठला?

दुसरी वही पत्त्याची. पनवेलकरांना हे वेगळं सांगायला नको. सेक्टर ६ खारघरला आहे, कामोठ्याला आहे आणि कळंबोलीलाही आहे. २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली आणि हे सगळं कागदावर एका शहरात आलं, पण पिनकोड वेगळे राहिले: कामोठे ४१०२०९, खारघर ४१०२१०, कळंबोली ४१०२१८, पनवेल ४१०२०६. पत्त्यात 'सेक्टर ६, पनवेल' एवढंच लिहिलं तर ऑनलाईन अर्ज चुकीच्या वितरकाकडे जाऊ शकतो, कारण प्रत्येक एजन्सीचा भाग ठरलेला असतो. म्हणून वसाहतीचं नाव, सेक्टर, प्लॉट क्रमांक, सोसायटी आणि पिनकोड हे सगळं लिहायचं. गावठाणात राहत असाल तर घर क्रमांकासोबत आळीचं किंवा जवळच्या देवळाचं नाव द्यायचं. सिलिंडरवाला नकाशा बघून येत नाही, विचारत विचारत येतो.

आता पत्त्याची खरी बाजू. पनवेल परिसरात भाड्याने राहणारे, कॉलेजसाठी किंवा नोकरीसाठी आलेले तुमच्यासारखे खूप जण आहेत. त्यांच्यात एक सोपा मार्ग रूढ आहे: मामाच्या नावावरचा जादा सिलिंडर आणायचा, किंवा मालकाचंच कनेक्शन वापरायचं. स्वयंपाक होतो, पण त्या सिलिंडरची नोंद तुमच्या पत्त्यावर नसते. गॅस कंपन्यांनी ग्राहकांसाठी अपघात विमा घेतलेला असतो. त्यासाठी तुम्हाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. त्यात मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख रुपयांपर्यंत भरपाई आहे आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत. पण मालमत्तेची भरपाई मिळते ती ग्राहकाच्या नोंदवलेल्या जागेवर. खारघरच्या मामाचा सिलिंडर कामोठ्यातल्या खोलीत असेल, तर दावा करताना पहिला प्रश्न तोच येईल.

मग करायचं काय? तीन परिस्थिती आहेत. तुमचं कनेक्शन आहे आणि तुम्ही शहरातल्या शहरात जागा बदलली: तर जुन्या एजन्सीकडून बदलीची चिठ्ठी घ्यायची. ती आता ऑनलाईन कोडच्या रूपात मिळते. सिलिंडर-रेग्युलेटर परत द्यावा लागत नाही. तुम्ही साताऱ्याहून किंवा लातूरहून पनवेलला कुटुंबासह आलात: तर तिथे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून अनामत परत घ्यायची, समाप्तीची पावती जपून ठेवायची आणि ती दाखवून इथे कनेक्शन सुरू करायचं. इथे आजच्या दराने अनामत भरावी लागते. जून २०२२ पासून ती १४.२ किलोच्या सिलिंडरला २,२०० रुपये आणि रेग्युलेटरला २५० रुपये अशी झाली. जुनी अनामत तुम्ही ज्या काळी भरली त्या दराने परत मिळते, त्यामुळे फरक खिशातून जातो.

आणि तिसरी, तुम्ही एकटे किंवा दोघं-तिघं मित्र दोन वर्षांसाठी खोली घेऊन राहताय, पत्त्याचा पुरावा नाही, मालक भाडेकरार नोंदवायला तयार नाही. अशांसाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर आहे. इंडेन त्याला 'छोटू' म्हणतं. त्याला फक्त ओळखपत्र लागतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. तो बाजारभावाने मिळतो, त्यावर सबसिडी नाही, पण तो अधिकृत आहे. रस्त्यावर मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणाऱ्याकडे जाण्याची गरज उरत नाही.

तिसरी वही: पैशाचा पत्ता

आता मुख्य गोष्ट. २०१४ पर्यंत बहुतेक ठिकाणी सबसिडी सिलिंडरच्या किमतीतच वजा होऊन यायची. स्वस्त सिलिंडर दारात, हिशेब संपला. मग 'पहल' योजना आली. २०१३ मध्ये २० जिल्ह्यांत तिची सुरुवात झाली. बदल करून ती १५ नोव्हेंबर २०१४ ला ५४ जिल्ह्यांत आणि १ जानेवारी २०१५ पासून देशभर लागू झाली. तेव्हापासून सगळ्यांनी पूर्ण किंमत भरायची आणि सबसिडी नंतर खात्यात यायची, अशी पद्धत पडली.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करू, म्हणजे उगाच बँकेत खेपा होणार नाहीत. सबसिडी आज सगळ्यांना मिळत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात जागतिक भाव कोसळले, तेव्हा सर्वसाधारण ग्राहकांची सबसिडी बंद झाली, ती नंतर भाव चढल्यावरही परत आली नाही. मे २०२२ मध्ये केंद्राने उज्ज्वला योजनेच्या ग्राहकांसाठी सिलिंडरमागे २०० रुपये जाहीर केले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० केले. २०२५-२६ या वर्षासाठी ही रक्कम वर्षाला ९ सिलिंडरपर्यंत मंजूर झाली. म्हणजे तुमचं कनेक्शन उज्ज्वलाचं नसेल आणि खात्यात काही येत नसेल, तर काही बिघडलेलं नाही, सध्या तुम्हाला देय रक्कमच नाही. पण कनेक्शन उज्ज्वलाचं असेल आणि तरी काही येत नसेल, तर पैसे निघालेत का आणि कुठे गेलेत हे शोधलंच पाहिजे.

पैसे जातात दोन मार्गांनी. एक, तुम्ही दिलेल्या खाते क्रमांकावर आणि शाखेच्या आयएफएससी कोडवर. दुसरा, आधार क्रमांकावर. आधार जोडलेला असेल तर दुसराच मार्ग चालतो. तो कसा चालतो ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे.

गॅस कंपनी पैसे पाठवताना तुमचा खाते क्रमांक लिहीत नाही. ती लिहिते फक्त आधार क्रमांक आणि रक्कम. ही यादी जाते राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे. यूपीआय चालवते तीच संस्था. तिच्याकडे एक तक्ता आहे. त्यात प्रत्येक आधार क्रमांकासमोर एका बँकेचं नाव लिहिलेलं असतं. फक्त बँकेचं, खात्याचं नाही आणि फक्त एकाच बँकेचं. पैसे त्या बँकेकडे जातात, मग ती बँक आपल्याकडच्या आधार जोडलेल्या खात्यात ते जमा करते. हाच आपला तिसऱ्या वहीचा तक्ता.

आता यातून दोन परिणाम निघतात. पहिला: तुमची चार खाती असतील आणि चारही ठिकाणी केवायसीसाठी आधार दिलं असेल, तरी तक्त्यात नाव एकाच बँकेचं. बँकेतला कर्मचारी म्हणतो, 'आधार लिंक आहे हो तुमचं,' आणि तो खोटं बोलत नसतो. पण खात्याला आधार जोडणं आणि त्या तक्त्यात नाव लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीला बँकेत 'आधार सीडिंग' म्हणतात. दुसरा परिणाम: तुम्ही नव्या बँकेत सीडिंगची संमती दिली की जुन्या बँकेचं नाव पुसून नव्या बँकेचं येतं. आणि मग फक्त गॅसचे नव्हे, आधारवर येणारे सगळेच सरकारी पैसे नव्या ठिकाणी जायला लागतात.

हे पुस्तकी वाटत असेल तर २०१७ आठवा. तेव्हा मोबाईल सिम आधारने पडताळायची मोहीम जोरात होती. एअरटेलच्या अनेक ग्राहकांची त्या पडताळणीच्या ओघात एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली, आणि ती उघडली गेल्याचं अनेकांना माहीतच नव्हतं. तक्त्यात नवं नाव लागलं आणि गॅसची सबसिडी तिकडे वळली. ३१ लाखांहून जास्त ग्राहकांचे मिळून सुमारे १९० कोटी रुपये अशा खात्यांत गेल्याच्या बातम्या आल्या. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीचा ई-केवायसीचा परवाना स्थगित केला, पैसे मूळ खात्यांकडे परत वळवावे लागले आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला ५ कोटींचा दंड केला. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय तक्त्यातली बँक बदलायची नाही, हे बंधन या प्रकरणानंतर कडक झालं.

एक हिशेब सोडवून पाहू

आज संमती घेतात. पण संमतीचा अर्थ सांगतातच असं नाही. समजा, पनवेल तालुक्यातल्या नेऱ्यासारख्या गावात एक कुटुंब आहे. कनेक्शन आईच्या नावावर, उज्ज्वलाचं. सबसिडी इतकी वर्षं पनवेल शहरातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेत यायची. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर 'लाडकी बहीण' आली. गर्दी, रांगा, धावपळ. कोणीतरी सांगितलं, पोस्टात खातं पटकन निघतं. आईने काढलं, अंगठा ठेवला, अर्जावर 'सरकारी लाभ या खात्यात घ्यायला संमती' या ओळीसमोर खूण झाली. महिन्याचे १,५०० रुपये पोस्टात यायला लागले, घर खूश.

मधल्या काळात चार सिलिंडर आले. बँकेचं पासबुक भरून आणलं तर सबसिडीची एकही ओळ नाही. चार सिलिंडर म्हणजे १,२०० रुपये. घरात निष्कर्ष निघाला, 'सरकारने सबसिडी बंद केली.' एजन्सीत विचारलं, त्यांच्या संगणकावर 'पाठवली' असं दिसतं. बँकेत विचारलं, 'आमच्याकडे आलीच नाही.' दोघंही खरं बोलतायत. पैसे पोस्टाच्या खात्यात पडलेत, १,५०० च्या ओळींच्या मधे ३०० च्या चार ओळी. तिथे पासबुक नसून क्यूआर कार्ड असल्याने त्या कोणी पाहिल्या नाहीत.

हे शोधायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं, पण क्रम बरोबर हवा. आधी mylpg.in वरून किंवा कंपनीच्या ॲपमधून बुकिंगचा इतिहास उघडा. प्रत्येक सिलिंडरसमोर सबसिडीची रक्कम आणि ती पाठवली का, हे दिसतं. तिथे शून्य असेल तर प्रश्न गॅस कंपनीकडचा आहे: ई-केवायसी राहिलीय का, कनेक्शन उज्ज्वलाचंच आहे का, वर्षाची मर्यादा संपली का, हे एजन्सीत विचारायचं. तिथे ३०० दिसत असतील तर एजन्सीशी भांडण्यात अर्थ नाही.

मग दुसरी पायरी. myaadhaar.uidai.gov.in वर आईच्या आधार क्रमांकाने आणि तिच्या मोबाईलवर आलेल्या ओटीपीने आत जा. 'Bank Seeding Status' वर टिचकी मारली की तक्त्यात आत्ता कोणती बँक आहे, ती चालू आहे का आणि केव्हा नोंदली, हे दिसतं. खाते क्रमांक पूर्ण दिसणार नाही, बँकेचं नाव पुरेसं आहे. आधारला मोबाईल जोडलेला नसेल तर ही पायरी अडते, मग आधी आधार केंद्रात मोबाईल जोडून घ्यावा लागतो.

तिसरी पायरी निर्णयाची. पैसे पोस्टात येतायत आणि आईला ते सोयीचं आहे, तर काहीच करू नका, फक्त त्या खात्याची नोंद बघायची सवय लावा. जुन्या बँकेतच हवे असतील तर त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा अर्ज भरायचा आणि आधीची बँक कोणती ते लिहायचं. पण लक्षात घ्या, त्यानंतर १,५०० रुपयेही तिकडेच येतील. 'गॅसचे इकडे आणि लाडक्या बहिणीचे तिकडे' असं आधारच्या मार्गाने करता येत नाही. काही दिवसांनी पुन्हा संकेतस्थळावर जाऊन नाव बदललं का ते बघा, मगच पुढचा सिलिंडर लावा. आधी निघालेले पैसे मात्र मागे येत नाहीत, ते पोस्टातूनच काढायचे.

बँकच गेली तर?

पनवेलमध्ये हा प्रश्न कल्पनेतला नाही. कर्नाळा नागरी सहकारी बँकेवर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. ठेवींचं काय झालं ही मोठी कहाणी आहे. पण तुमच्या घराचं अशा बंद पडलेल्या बँकेत खातं होतं आणि तेच कुठल्या सरकारी योजनेला दिलेलं असेल, तर ते आपोआप बदलत नाही. तुम्हालाच नवं द्यावं लागतं.

बँक बुडाली नाही, नुसती विलीन झाली तरी खातेवाल्या मार्गावर अडचण येते. देना आणि विजया बँक बडोद्यात गेल्या, त्यांचे जुने आयएफएससी कोड मार्च २०२१ पासून बंद झाले. सिंडिकेट कॅनरात गेली, तिचे कोड जुलै २०२१ पासून बंद. गॅसच्या नोंदीत जुना कोड असेल तर पैसे निघतात आणि परत फिरतात. हे ओळखायची खूण सोपी आहे: गॅसच्या इतिहासात 'पाठवली' ऐवजी 'अयशस्वी' दिसतं. एजन्सीत नवं पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश दिला की काम होतं.

पुस्तकावर नाव कोणाचं?

आणि शेवटचा मुद्दा, जो ॲपमध्ये कुठेही बटण म्हणून दिसत नाही. पैसे जातात ते ज्याच्या नावावर कनेक्शन त्याच्या आधारवर. घरात स्वयंपाक कोण करतं, नंबर कोण लावतं, पैसे कोण भरतं, याचा काहीही संबंध नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वलाने म्हणूनच कनेक्शन बाईच्या नावावर ठेवलं. बाकी लाखो घरांत मात्र पुस्तकावर बाबांचं किंवा आजोबांचं नाव आहे, कधी कधी तर आजोबांना जाऊन दहा वर्षं झालेली असतात.

याची किंमत २०२४ मध्ये कळली. ३० जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने राज्यात मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आली: वर्षाला तीन सिलिंडर मोफत, महिन्याला एकापेक्षा जास्त नाही, फक्त १४.२ किलोचे. लाभ उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीण योजनेच्या पात्र महिलांना, पण अट अशी की कनेक्शन महिलेच्या नावावर हवं. 'मोफत' असलं तरी पूर्ण किंमत आधी भरायची होती. हिशेब ८३० रुपयांचा धरला होता: उज्ज्वलाच्या ग्राहकाला केंद्राचे ३०० आणि राज्याचे ५३०, लाडकी बहीणच्या लाभार्थीला राज्याचे ८३०. पैसे खात्यात यायचे, म्हणजे पुन्हा तीच तिसरी वही. आणि अनेक घरांना तेव्हा कळलं की आई पात्र आहे, तिचं खातं आहे, आधार आहे, पण पुस्तक बाबांच्या नावावर आहे. तीन सिलिंडरचे जवळपास २,५०० रुपये एका नावावर अडले.

नाव बदलणं अवघड नाही, पण ते ऑनलाईन एका टिचकीत होत नाही. घरातल्याच माणसाच्या नावावर करायचं तर ज्याचं नाव आहे त्याची लेखी संमती, दोघांची ओळखपत्रं आणि पत्त्याचा पुरावा घेऊन एजन्सीत जावं लागतं. ती व्यक्ती हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची ना हरकत लागते. त्यानंतर नव्या नावाची ई-केवायसी होते, आणि मग सबसिडीच्या मार्गासाठी नव्या आधारची नोंद. हे सगळं नवी योजना जाहीर झाल्यावर करायला गेलं की एजन्सीत रांग, बँकेत रांग आणि आधार केंद्रात रांग. आणि पात्रतेची तारीख तोवर मागे गेलेली असू शकते.

म्हणून या महिन्यातला सिलिंडर लावायच्या आधी घरातलं पुस्तक एकदा हातात घ्या. त्यावरचं नाव वाचा, पत्ता वाचा, नोंदवलेला मोबाईल कोणाचा ते बघा. मग त्या नावाच्या माणसाला शेजारी बसवून त्यांच्या आधारसमोर कोणती बँक आहे ते संकेतस्थळावर काढा. ओटीपी त्यांच्या फोनवर येईल, त्यामुळे हे त्यांच्या पाठीमागे करता येत नाही आणि करूही नये. बँकेचं नाव पुस्तकाच्या मागच्या पानावर पेनाने तारीख घालून लिहून ठेवा. पुढच्या वेळी आईने 'सबसिडी कुठे जाते रे?' असं विचारलं, तर उत्तर तिच्याच हातातल्या पुस्तकात असेल.